पावतीवरचा ‘वारस’ आणि घरातले वारस : सांगली जिल्ह्यातल्या बँकांच्या शाखाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातल्या बँकांचे शाखाधिकारी आणि मयत ठेवीदारांचे दावे हाताळणारे सर्व कर्मचारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कराडला राहते. माहेर तासगाव तालुक्यातलं. वैशाखात बाबा गेले. द्राक्षबागेत आणि बेदाण्याच्या शेडवर आयुष्य काढलेला माणूस. बेदाण्याची पट्टी हातात आली की आधी दुकानदाराची उधारी भागवायची आणि उरलेलं बँकेत टाकायचं, हा त्यांचा शिरस्ता. ते गेल्यावर कपाटातल्या रेक्झिनच्या पिशवीत दोनच कागद सापडले. एक चार लाखांची मुदत ठेव पावती आणि एक बचत खात्याचं पासबुक. शिल्लक एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार चारशे. दोन्ही एकाच सहकारी बँकेत, एकाच शाखेत. या दोन कागदांचे पैसे मागायला मी जे पत्र लिहिलं ते चुकलं. त्या चुकीवर शाखेनं आणखी एक चूक रचली, आणि दीड महिना एसटीच्या खेपांत गेला. बँकेचं किंवा माणसांचं नाव मी घेणार नाही. ही गोष्ट एका शाखेपुरती नाही, म्हणून सगळ्यांनाच लिहिते आहे.

माझ्या पहिल्या पत्रातलं मुख्य वाक्य असं होतं : ‘आम्ही मयताचे वारस असून त्यांच्या आपल्या शाखेतील सर्व ठेवी आम्हास मिळाव्यात.’ शाळेत शिकलेल्या अर्जासारखं सरळ, नम्र वाक्य. पण त्यातला ‘वारस’ हा शब्दच घात करून गेला.

आपल्याकडे पावती करताना काउंटरवरचा माणूस विचारतो, “वारस कुणाला लावायचं?” ठेवीदार सांगतो, “थोरलीला लावा.” दोघांनाही म्हणायचं असतं नॉमिनी. बोलण्यात आपण नॉमिनीलाच वारस म्हणतो. कायद्यात मात्र ही दोन वेगळी माणसं आहेत. नॉमिनी म्हणजे ठेवीदाराच्या पश्चात बँकेनं ज्याच्या हातात पैसे द्यायचे तो. वारस म्हणजे त्या पैशांवर ज्याचा हक्क आहे तो. एकाला पैसे घेण्याचा अधिकार, दुसऱ्याला पैशाची मालकी. कधी दोन्ही एकच असतात, कधी नसतात. मी ‘आम्ही वारस’ असं लिहिलं आणि ज्या ठेवीवर माझं नॉमिनेशन होतं ती ठेवसुद्धा माझ्याच हातानं वारसांच्या लांबच्या रस्त्याला लावली.

पुढं शाखेत काय झालं ते बघा. क्लार्कनं दोन्ही रकमांची बेरीज मारली. चार लाख अधिक एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार चारशे, म्हणजे पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजार चारशे. मग म्हणाला, “पाच लाखांच्या वर गेलं मॅडम, कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणावं लागेल. आणि दोन जामीनदार.” सक्सेशन सर्टिफिकेट म्हणजे भारतीय वारसा कायदा, १९२५ खाली दिवाणी न्यायालयात अर्ज, नोटीस, वर्तमानपत्रात जाहिरात, कोर्ट फी, वकील. पाच लाखांची ही रेघ त्यानं मनानं काढलेली नव्हती. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये मयत ग्राहकांच्या दाव्यांबाबत निर्देश काढले आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ते अमलात आणायला सगळ्या बँकांना सांगितलं. त्यात सहकारी बँकांसाठी पाच लाख आणि इतर बँकांसाठी पंधरा लाख अशी किमान मर्यादा आहे. तेवढ्यापर्यंत सोप्या कागदांवर पैसे द्यायचे.

पण ही मर्यादा कुठल्या खात्यांसाठी आहे? ज्यांवर नॉमिनेशन नाही, हयात सहखातेदारही नाही, अशा खात्यांसाठी. नॉमिनेशन असलेल्या ठेवीला अशी रेघच नाही. ती चार लाखांची असो की चाळीस लाखांची, नॉमिनीनं तीनच गोष्टी द्यायच्या : भरलेला दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, आणि स्वतःची ओळख व पत्ता दाखवणारा कागद. सक्सेशन सर्टिफिकेट नाही, जामीनदार नाहीत, इंडेम्निटी बाँड नाही, भावंडांची संमतीही नाही. हे काही कालपरवाचं नाही. रिझर्व्ह बँक २००५ पासून परिपत्रकातून हेच सांगत आली आहे. बँकिंग नियमन कायद्याचं कलम ४५ झेडए तर त्याच्याही आधीचं आहे, आणि ते सहकारी बँकांनाही लागू आहे. नॉमिनीला रक्कम दिली की बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते, असं त्या कलमातच आहे. मग जामीनदार कशासाठी? माझी चार लाखांची ठेव त्या बेरजेत धरायचीच नव्हती. ती बाजूला काढली की उरतात एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार, आणि ते पाच लाखांच्या कितीतरी आत बसतात.

हे मला समजावून सांगितलं आमच्या शेजारच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी, ओसरीवर बसून. ते म्हणाले, “तायडे, एका घरचे पैसे म्हणून एक पत्र लिहू नको. ज्या नात्यानं मागतेस ते नातं वेगळं, तर पत्र वेगळं.” मी पहिलं पत्र मागं घेतलं आणि दोन स्वतंत्र पत्रं लिहिली. पहिल्यातला मजकूर असा :

‘विषय : मुदत ठेवीची रक्कम नॉमिनी या नात्याने मिळणेबाबत.
महोदय, माझे वडील दि. … रोजी मयत झाले. त्यांच्या एकट्याच्या नावे आपल्या शाखेत मुदत ठेव पावती क्र. …, रक्कम रु. ४,००,०००, अशी आहे. सदर ठेवीवर माझे नॉमिनेशन नोंदवलेले असून तशी नोंद पावतीवर आहे. मी केवळ नॉमिनी या नात्याने या रकमेची मागणी करत आहे. ठेव मुदतपूर्व बंद करून, मुदतपूर्व मोडीचा दंड न आकारता, व्याजासह होणारी रक्कम माझ्या खाते क्र. … मध्ये जमा करावी. ही रक्कम मी मयताच्या कायदेशीर वारसांच्या वतीने विश्वस्त म्हणून स्वीकारत आहे. ही रक्कम देण्यास मनाई करणारा कोणत्याही न्यायालयाचा आदेश माझ्या माहितीत नाही. पासबुक व पावतीवर वडिलांचे मधले नाव पूर्ण असून मृत्यू दाखल्यावर केवळ आद्याक्षर आहे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. त्यासाठी त्यांच्या आधार कार्डाची प्रत जोडली आहे. कागदपत्रांत त्रुटी आढळल्यास कृपया सर्व त्रुटी एकदम व लेखी कळवाव्यात.’

खाली सोबतच्या कागदांची नावं. मूळ मृत्यू दाखला मी दिला नाही. फक्त पडताळणीसाठी दाखवला आणि प्रतीवर ‘मुळाबरहुकूम’ असा शेरा घेतला.

या मजकुरातल्या दोन वाक्यांबद्दल बोलायला हवं. ‘दंड न आकारता’ हे मुद्दाम लिहिलं. बाबांच्या ठेवीला अजून सात महिने होते. ठेवीदार गेल्यावर ठेव मुदतीआधी मोडली तर दंड लावायचा नाही, जितके दिवस ठेव राहिली त्या कालावधीचा दर द्यायचा. संगणक मात्र आपला नेहमीचा एक टक्का कापून मोकळा होतो, आणि नंतर ते कुणी तपासत नाही. मुदत संपेपर्यंत थांबलं तर ठरलेला दर मिळतो, तोही पर्याय होता. पण आम्हाला हॉस्पिटलचं देणं भागवायचं होतं.

दुसरं वाक्य विश्वस्ताचं. धाकट्या भावानं तेराव्याच्या रात्री हळूच विचारलं होतं, “तायडे, पावतीवर तुझं नाव म्हणजे पैसे तुझेच का गं?” त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, भीती होती. नाही, माझे नाहीत. बँकेच्या ठेवीतला नॉमिनी हा मालक होत नाही, तो वारसांसाठी पैसे ताब्यात घेतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये स्पष्ट केलेलं आहे. ते वाक्य मी बँकेपेक्षा भावासाठी लिहिलं, आणि पोच घेतलेल्या पत्राचा फोटो त्याला पाठवला. तुमच्या शाखेत नॉमिनी आणि भावंडं एकत्र येतात तेव्हा एवढी एक ओळ त्यांना वाचून दाखवाल तर पुष्कळ घरं शांत राहतील. पण घरातली वाटणी नीट होते की नाही हे बघण्यासाठी नॉमिनीचे पैसे अडवून धरायचे नाहीत, ते तुमचं काम नव्हे. कोर्टाचा मनाई हुकूम असेल तरच थांबायचं.

आता बचत खातं. त्यावर नॉमिनी होती आई. आई चार वर्षांपूर्वीच गेली. बाबांनी दुसरं नाव लावलं नाही. त्यांना कुणी विचारलंही नाही. ठेवीदाराच्या आधी नॉमिनी गेला तर ते नॉमिनेशन संपतं. आईचे वारस म्हणून आम्ही तिच्या जागी येत नाही. पासबुकाच्या पहिल्या पानावर ‘नॉमिनेशन : नोंद आहे’ असा शिक्का होता आणि तो बघून शाखेतला माणूस आईचाच कागद मागत राहिला. हे खातं वारसांच्या रस्त्यानंच जाणार होतं.

वारस कोण? भावाच्या यादीत तिघं होते : मी, तो आणि धाकटी बहीण. शाखेच्या यादीतही तिघंच. चौथं माणूस माजघरात खाटेवर बसून जपमाळ ओढत होतं. आमची आजी, बाबांची आई, सत्त्याऐंशी वर्षांची. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस आहेत. बायको हयात नाही, म्हणून आम्ही तिघं आणि आजी असे चौघं. प्रत्येकी चौथा हिस्सा. लग्न झालेल्या मुलींचा वाटा जसा यादीतून गळतो, तशीच मागं राहिलेली आई गळते. तुमच्या दावा अर्जात वारसांचा तक्ता असतो. तो भरून घेताना ‘मयताची आई हयात आहे का?’ हा एक प्रश्न तोंडानं विचारा. आजीचं नाव राहिलं असतं आणि पुढं ती गेली असती, तर तिचा हिस्सा तिच्या वारसांकडे, म्हणजे आमच्याबरोबर काका आणि आत्यांकडेही वळला असता. मग एका पासबुकासाठी आठ-दहा सह्या गोळा कराव्या लागल्या असत्या.

आजी म्हणाली, “लेकाचं पैसं मला कशाला? तुमीच घ्या.” वारसानं हक्क सोडायचा तर ना-हरकत पत्र देता येतं, आणि बँकेकडे त्याचा नमुना तयार असतो. आम्ही तो तिच्यापुढं ठेवला नाही. तिच्या औषधाला महिन्याला पैसे लागतात, आणि ते आमच्या तोंडाकडं बघून मागावे लागू नयेत असं मला वाटलं. म्हणून तिला दावेदारच ठेवलं. बँकेच्या माणसानं घरी येऊन तिचा अंगठा घेतला, दोन साक्षीदारांसमोर. जांभळ्या शाईचा अंगठा तिनं पदराला पुसला आणि कागदाकडं बघून म्हणाली, “हे त्याच्या शाळंच्या दाखल्यावर बी असंच दिलं हुतं.” घरी येणाऱ्या त्या कर्मचाऱ्याचे आभार मी इथं जाहीरपणे मानते.

दुसऱ्या पत्रात चौघांची नावं, मयताशी नातं, वय आणि पत्ते लिहिले. आईच्या मृत्यूचा दाखला जोडला आणि त्यामुळे नॉमिनेशन निष्प्रभ झाल्याचं एका वाक्यात सांगितलं. मृत्युपत्र नाही, आमच्यात वाद नाही, याखेरीज दुसरा वारस नाही, हेही. रकमेबाबत असं लिहिलं : ‘खात्यावरील शिल्लक रु. १,८८,४०० पैकी रु. २,००० हा किसान सन्मान निधीचा हप्ता खातेदाराच्या मृत्यूनंतर जमा झालेला असून तो परत करण्याची व्यवस्था व्हावी. उर्वरित रु. १,८६,४०० चौघांच्या स्वतंत्र खात्यांत प्रत्येकी रु. ४६,६०० याप्रमाणे, अधिक त्या प्रमाणात व्याज, जमा करावेत. मयताचे एटीएम कार्ड व शिल्लक धनादेश सोबत परत करत आहोत. मृत्यूनंतर त्यांचा वापर झालेला नाही.’ हे शेवटचं वाक्य आम्ही खरेपणानं लिहू शकलो, कारण दहाव्याच्या खर्चाला कार्ड वापरू या असं घरात निघालं होतं तेव्हा बहिणीनं ते काढून घेतलं होतं. खातेदार गेल्यानंतर कार्डानं किंवा मोबाइलवरून काढलेले पैसे, काढणारा वारस असला तरी, पुढं वाद आणि चौकशी दोन्ही ओढवून आणतात.

वारसांचा पुरावा म्हणून मी तलाठ्याकडचा वारस नोंदीचा फेरफार नेला होता. सात-बारावर आमची चौघांची नावं लागली होती, मला वाटलं एवढं पुरेल. शाखाधिकाऱ्यांनी तो घेतला नाही, आणि ते बरोबर होतं. ती नोंद जमिनीच्या दप्तराची, बँकेतल्या पैशांची नव्हे. पण त्यांनी लगेच कोर्टाकडं बोट दाखवलं, ते बरोबर नव्हतं. मर्यादेच्या आतल्या रकमेला सक्षम अधिकाऱ्याचा वारस दाखला किंवा, तो नसेल तर, कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या आणि या पैशांशी संबंध नसलेल्या, बँकेला मान्य अशा त्रयस्थ माणसाचं घोषणापत्र चालतं. आमच्यासाठी गावातल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी ते दिलं. त्यांनी आम्हा तिघांनाही शिकवलंय. त्यासोबत दावेदारांचा इंडेम्निटी बाँड दिला. इथं तो मागणं योग्य आहे, आणि बाहेरचा जामीनदार मागणं इथंही योग्य नाही.

सगळ्यात जास्त ओढाताण झाली ती पोच घेताना. पहिल्या पत्राच्या वेळी मला सांगितलं होतं, “ठेवून जा, साहेब बघतील.” साहेबांनी बघितलं की नाही, कधी बघितलं, याचा काही माग नव्हता. दाव्याचे पूर्ण कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निकाल लावायचा अशी मुदत आहे. पण कागद मिळाल्याची तारीखच कुठं नसेल तर दिवस मोजायचे कुठून? बँकेच्या बाजूनं उशीर झाला तर आता बँक रेटवर चार टक्के जास्त अशा दरानं भरपाईही द्यायची आहे. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेनऊ टक्के होतात, म्हणजे चार लाखांच्या ठेवीवर दिवसाला सुमारे एकशे चार रुपये. दुसऱ्या खेपेला मी प्रत्येक पत्राच्या दोन प्रती नेल्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक. क्लार्क जरा कुरकुरला. मी म्हटलं, “दादा, मी बसते, तुमचं काम आवरलं की द्या.” पाऊण तासानं पोच मिळाली.

चार लाखांची ठेव अकराव्या दिवशी व्याजासह जमा झाली, दंड न कापता. तिचे चार वाटे करून मी तिघांच्या खात्यांवर पाठवले आणि व्याजाचा हिशोब वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. बचत खात्याला आजीचा अंगठा व्हायचा होता, त्यामुळे त्याचे पंधरा दिवस शेवटचा कागद दिल्यापासून सुरू झाले. ते नवव्या दिवशी मिटलं. त्याच शाखेनं, त्याच माणसांनी केलं. दीड महिना अडलेलं काम तीन आठवड्यांत झालं, कारण दोन मागण्या दोन कागदांवर आल्या.

म्हणून माझी विनंती. दावा घेऊन येणारा माणूस ‘आम्ही वारस’ म्हणाला की त्याला विचारा, पावतीवर तुमचं नाव लावलेलं आहे का? असेल तर नॉमिनीचा अर्ज, नसेल तर वारसांचा. एकाच घरच्या दोन ठेवी दोन रस्त्यांनी जात असतील तर तसं सांगून वेगवेगळी पत्रं लिहून घ्या, त्यांची बेरीज करू नका. पोच न मागता द्या. आणि पासबुक भरायला आलेल्या म्हाताऱ्या खातेदाराला, त्याचा नॉमिनी हयात आहे का, ते विचारा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चार नॉमिनीपर्यंत लावता येतात, आणि एकामागून एक असा क्रमही देता येतो. पहिला गेला तर दुसरा आपोआप पुढं येतो. बाबांच्या खात्यावर आई गेल्यावर आमच्यापैकी कुणाचंही नाव लागलं असतं तर आजीच्या अंगठ्यासाठी कुणाला घरी यावं लागलं नसतं.

वाचणाऱ्या माझ्या तालुक्यातल्या लोकांसाठी एक गोष्ट. आपल्याकडं बऱ्याच ठेवी पतसंस्थांत असतात. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. रिझर्व्ह बँकेची ही मुदत, ही मर्यादा आणि ही भरपाई तिथं लागू नाही. तिथलं पत्र सहकारी संस्था कायदा आणि त्या संस्थेचे पोटनियम बघून लिहावं लागतं. बँकेनं मात्र लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दावा विनाकारण फेटाळला, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार नोंदवता येते. तिथंही पहिल्यांदा लागते ती तारखेची पोच.

आजीचे शेहेचाळीस हजार सहाशे तिच्याच खात्यात आहेत. त्या खात्यावर नॉमिनी म्हणून तिनं आत्याचं नाव लावलं, आणि फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीनं तिला विचारलं, “आजी, आत्यांच्या नंतर कोण?”

आपली,
तासगावची एक माहेरवाशीण, मुक्काम कराड